मान डोलावणारा दाढीवाला: मीममागचा मूळ सिनेमा खात्रीनं कसा शोधायचा

प्रश्न: आमच्या ग्रुपवर एक जिफ सारखी फिरू लागलीय. दाढीवाला माणूस, मागं झाडं, कॅमेरा हळूहळू जवळ येतो आन् तो गालात हसून मान हलवतो. कुणी म्हणतंय हा झॅक गॅलिफियानाकिस आहे, कुणी म्हणतंय वेबसिरीज आहे. गूगल लेन्सवर टाकलं की नुसते मीमच निघतात. मूळ सिनेमा खात्रीनं कसा शोधायचा, ते कुणी नीट सांगेल का? (केज, जि. बीड)

उत्तर:

भाऊ, नाव आधी सांगून टाकतो. हा १९७२ सालचा अमेरिकी सिनेमा आहे, 'जेरेमाया जॉन्सन'. दिग्दर्शक सिडनी पोलॅक, आणि मान हलवणारा माणूस म्हणजे रॉबर्ट रेडफर्ड. गॅलिफियानाकिस यांचा जन्म १९६९ चा. सिनेमा आला तेव्हा ते जेमतेम तीन वर्षांचं लेकरू होते, त्यामुळं ते नाव तिथंच बाद होतं. पण तुम्ही 'खात्रीनं कसं' असं विचारलंय. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवणं म्हणजे काही खात्री नव्हे, म्हणून याच जिफवर सगळी रीत दाखवतो.

मी परभणीत राहतो. अकरा वर्षांपासून हिंदी-मराठी कार्यक्रमांची सबटायटलं करतोय. त्या कामामुळं 'हा तुकडा कुठला' हे शोधायची कामंही येतात. कधी एखाद्या पोर्टलला फोटोचा खरेपणा तपासायचा असतो, कधी कुणाला क्लिप वापरायला मूळ मालक हवा असतो.

लेन्सनं तुमच्या बाबतीत काही चूक केलेली नाही. चित्रावरून शोधणारी साधनं 'असंच चित्र आणखी कुठं आहे' एवढंच सांगतात, 'हे पहिल्यांदा कुठून आलं' हे सांगणं त्यांचं कामच नाही. तुमच्या फ्रेमच्या प्रती इंटरनेटवर इतक्या आहेत की सिनेमाचं नाव असलेलं पान त्यांच्याखाली दबून जातं. जत्रेत हरवलेल्या पोराची चौकशी करावी आणि भेटेल त्यानं 'आत्ता इथंच दिसलं होतं' म्हणावं, तसा हा प्रकार. सगळे खरं बोलतात, तरी पोराचं घर कुणालाच माहीत नसतं. शिवाय दर प्रतीला कुणीतरी नाव चिकटवलेलं असतं, आणि 'दिसतो तसा' म्हणून चिकटवलेलं नावच जास्त पसरतं. म्हणजे तुम्हाला दोन गोष्टी करायच्या आहेत. एक, गर्दी नसलेली फ्रेम शोधायची. दोन, मिळालेलं नाव सिनेमात जाऊन पडताळायचं. बहुतेक लोक पहिल्या गोष्टीपाशी थांबतात आणि तिथंच फसतात.

शेजारची फ्रेम

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली युक्ती ही: मीम झालेली फ्रेम शोधू नका, तिच्या शेजारची शोधा. या जिफचा जो क्षण सगळीकडं फिरतो तो शेवटचा, चेहरा पडदाभर आणि ओठांवर हसू. सुरुवातीची फ्रेम कुणी फोटो म्हणून पाठवत नाही, कारण तिच्यात काही भाव नाही. पण सिनेमावर लिहिणाऱ्या पानांवर, जुन्या सिनेमांच्या फोटोसंग्रहांत, कलाकाराच्या पानावर अशाच 'भाव नसलेल्या' फ्रेम असतात. त्या फ्रेममध्ये चेहरा लहान असतो आणि आजूबाजूचं रान, कपडे, उजेड जास्त दिसतो. शोधयंत्राला धरायला काहीतरी मिळतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी जिफ ही बहुतेक वेळा खरं तर छोटी एमपी४ फाईल असते. तिच्या फ्रेम सुट्या करायला कॉम्प्युटरवर `ffmpeg` नावाचा मोफत प्रोग्राम आहे. एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i meme.mp4 frame_%03d.png
```

फोल्डरमध्ये क्रमानं सगळ्या फ्रेम पडतात. कॉम्प्युटर नसला तर मोबाईलवर क्लिप चालू करून अगदी सुरुवातीला थांबवा आणि स्क्रीनशॉट घ्या, काम भागतं. मग तीन गोष्टी करा. वर-खाली चिकटवलेला मजकूर कापून टाका, कारण शोधयंत्र त्या अक्षरांवरून जुळणी करून पुन्हा मीमकडंच नेतं. काळ्या पट्ट्या असतील तर त्याही कापा. आणि चित्र एकदा आडवं उलटवून, म्हणजे आरशात दिसतं तसं करून, तेही शोधून बघा. पकडलं जाऊ नये म्हणून क्लिप उलटवून टाकणारे पुष्कळ आहेत. फ्रेममध्ये कुठं पाटी किंवा अक्षरं असतील तर उलटवलंय का ते लगेच कळतं. नसतील तर शर्टाची बटणपट्टी बघा. पुरुषांच्या शर्टाला बटणं बहुधा घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात.

एक अडचण मात्र आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा वेळा पुढं गेलेली क्लिप प्रत्येक फेरीत थोडी थोडी घासली जाते. केसांच्या बटा, झाडाची पानं यांचा चिखल होतो. अशा फ्रेमवर तास घालवण्यापेक्षा आधी त्याच मीमची मोठी प्रत मिळवा. त्यासाठी टिनआय चांगलं, पत्ता `tineye.com`. तिथं निकाल 'सगळ्यात मोठं चित्र' या क्रमानं लावता येतात.

कुठलं साधन कशासाठी

टिनआय हुबेहूब तेच चित्र शोधतं, जरी ते कापलेलं किंवा रंग बदललेलं असलं तरी. त्याच नटाचा दुसरा फोटो ते दाखवणार नाही. त्यात 'जुनं आधी' असाही क्रम आहे आणि तो फार कामाचा आहे, पण तारीख वाचताना जपून वाचा. ती तारीख टिनआयच्या यंत्राला ते चित्र पहिल्यांदा सापडलं तेव्हाची असते. चित्र त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं पडलेलं असू शकतं. म्हणून त्या तारखेवरून 'निदान एवढं जुनं आहे' एवढंच म्हणता येतं.

यांडेक्स हे रशियन शोधयंत्र चेहरा आणि एकूण दृश्याची ठेवण यांवरून सारखी चित्रं काढतं. नट ओळखायचा असेल तर मी आधी तिथं जातो. पण फ्रेम एकदाच टाकून सोडू नका. एकदा फक्त चेहरा कापून टाका, एकदा चेहरा झाकून फक्त मागचं रान आणि कपडे. दोन्ही शोधांत एकच सिनेमा आला तर त्याला वजन आहे. फक्त चेहऱ्याच्या शोधात आला तर तो 'सारखा दिसणारा' असू शकतो, आणि तुमच्या ग्रुपवर नेमकं हेच झालंय. दाढी आणि गोल गाल जुळले की माणूस जुळला असं वाटतं.

लेन्सची खरी ताकद वस्तू आणि अक्षरं वाचण्यात आहे. मागं दुकानाची पाटी असेल, गाडीचा नंबर असेल, भिंतीवर कॅलेंडर असेल तर लेन्सवर तेवढाच कोपरा टाका.

आणि शब्द विसरू नका. दिसतंय ते इंग्रजीत साध्या शब्दांत लिहून शोधणं अनेकदा चित्रशोधाला मागं टाकतं. या जिफसाठी `nodding bearded man gif` असं टाकलं की रेडफर्ड आणि सिनेमाचं नाव सांगणारी पानं मिळतात. मीमचा इतिहास लिहिणारी `knowyourmeme.com` सारखी स्थळंही आहेत. तिथलं नाव मी धागा म्हणून घेतो आणि पुढं पडताळतो. जे मीम जगभर गाजलं नाही, फक्त आपल्याकडं फिरतं, त्याची नोंद तिथं मिळणं अवघड असतं.

फ्रेम वाचणं

नाव मिळायच्या आधीच चित्रातून काळाचा अंदाज येतो, आणि तो पुढं फार उपयोगी पडतो. या जिफमध्ये सगळ्यात मोठी खूण कॅमेऱ्याची चाल आहे. ती झूम आहे, ट्रॉली नाही. पहिली फ्रेम एवढी मोठी करा की तिच्यातला चेहरा शेवटच्या फ्रेममधल्या चेहऱ्याएवढा होईल, आणि मग दोन्ही एकमेकांवर ठेवून बघा. ट्रॉलीवर कॅमेरा खरोखर पुढं सरकतो तेव्हा चेहरा वाढतो तेवढ्या प्रमाणात मागची झाडं वाढत नाहीत. कानामागं दिसणारी फांदी दोन फ्रेममध्ये वेगळ्या जागी येते. झूममध्ये कॅमेरा जागचा हलत नाही, म्हणून फांदी तिथंच राहते.

इथं एक खाच आहे. मीम बनवणाऱ्यानं मोबाईलवर चित्र नुसतं मोठं केलं असेल तरी फांदी जागच्या जागीच राहील. फरक दाण्यांत दिसतो. मोबाईलवर मोठं केलेल्या चित्रात फिल्मचे दाणेही मोठे होतात आणि चेहरा पुसट होत जातो. भिंगाच्या झूममध्ये दाणे तेवढेच राहतात आणि दाढीचे केस उलट जास्त स्पष्ट होतात. हे तपासायला चांगली प्रत लागते, घासलेल्या प्रतीवर हे कळत नाही.

हळूहळू जवळ येणारा लांब झूम ही १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या दशकात फार आवडीची चाल होती. पुढं तिचा वापर कमी झाला. नंतरचेही काही दिग्दर्शक जुना रंग आणायला ती मुद्दाम वापरतात, म्हणून हा पुरावा धरू नका. पण 'अलीकडची वेबसिरीज' या तर्काबद्दल शंका यायला तेवढं पुरेसं आहे.

आपल्या सिनेमांच्या बाबतीत अशीच एक खूण म्हणजे खाली येणारी धूम्रपानाच्या इशाऱ्याची पट्टी. सिनेमांत धूम्रपानाच्या दृश्यावर असा इशारा दाखवायची सक्ती २ ऑक्टोबर २०१२ पासून झाली. तरी पट्टी दिसली म्हणून सिनेमा त्यानंतरचा असं धरू नका. टीव्हीवर जुने सिनेमे दाखवतानाही ती टाकतात. ती प्रत कधीची हे तिच्यावरून कळतं, सिनेमा कधीचा हे नाही. कोपऱ्यातल्या चॅनेलच्या चिन्हाचंही तसंच. चॅनेलनं तो दाखवला एवढंच त्यातून समजतं.

सिनेमात जाऊन जागा शोधणं

आता नाव हातात आहे: जेरेमाया जॉन्सन. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात एकटा राहणारा शिकारी, अशी गोष्ट. पोस्टरवर दाढीवाला रेडफर्ड दिसतो, म्हणून बहुतेकांचं समाधान होतं. माझं होत नाही. नट तोच, दाढी तीच, तरी दृश्य दुसऱ्या सिनेमातलं असू शकतं. सिनेमात ती नेमकी फ्रेम दिसली तरच काम झालं.

सिनेमा कायदेशीर मार्गानं मिळवा, भाड्यानं किंवा डिस्कवर. ओटीटीवर बघत असाल तर स्क्रीनशॉट बऱ्याचदा काळा येतो, ती त्यांची संरक्षणाची सोय आहे. तिथं खालच्या पट्टीवर बोट सरकवत छोट्या चित्रांवरूनच शोधावं लागतं. स्वतःजवळ फाईल असेल तर मी पूर्ण सिनेमा बघत बसत नाही, त्याचे तक्ते काढतो. जुन्या फोटो स्टुडिओत एका कागदावर सगळ्या निगेटिव्हच्या छोट्या प्रती काढायचे, तसंच:

```
ffmpeg -i film.mp4 -vf "fps=1/5,scale=240:-1,tile=8x8" sheet_%02d.png
```

दर पाच सेकंदांना एक फ्रेम, एका तक्त्यावर आठ ओळींत आठ, म्हणजे ६४. एक तक्ता ३२० सेकंदांचा, म्हणजे पाच मिनिटं वीस सेकंदांचा. दोन तासांचा सिनेमा तेवीस तक्त्यांत बसतो, आणि तेवीस चित्रं नजरेखालून घालायला दहा मिनिटं पुरतात. तक्त्यावर आधी चेहरा शोधू नका. या एवढ्याशा चौकोनात सगळ्या दाढ्या सारख्याच दिसतात. रंग शोधा. बर्फाचे पांढरे तक्ते बाजूला पडतात, रात्रीचे काळे पडतात, आणि दिवसाउजेडी झाडांपुढं एकटा माणूस असे मोजके चौकोन उरतात.

चौकोन सापडला की वेळ काढणं सोपं आहे. समजा तो सातव्या तक्त्यावर, तिसऱ्या ओळीत, पाचवा आहे. आधीचे सहा तक्ते म्हणजे १९२० सेकंद. सातव्या तक्त्यावर त्याच्या आधी वीस चौकोन आहेत, म्हणजे आणखी १०० सेकंद. एकूण २०२०, म्हणजे ३३ मिनिटं ४० सेकंद. हे फक्त हिशोबाचं उदाहरण आहे, तुमच्या जिफची जागा नव्हे. पाच-दहा सेकंद पुढंमागं होतं, म्हणून त्या वेळेच्या थोडं आधीपासून बघायला सुरुवात करा. पाच सेकंदांपेक्षा छोटा शॉट असेल तर तो तक्त्यांच्या फटीतून निसटू शकतो. काहीच सापडलं नाही तर `1/5` च्या जागी `1/2` घालून पुन्हा काढा, तक्ते अडीचपट होतील.

मग शेवटची जुळणी. मीमची फ्रेम आणि सिनेमाची फ्रेम शेजारी ठेवा आणि चेहरा सोडून तीन बारीक गोष्टी जुळवा. कपाळावर आलेली केसांची बट, खांद्यामागचं एखादं खोड, आणि गालावर पडलेल्या सावलीची कड. एकाच दृश्याचे अनेक टेक घेतले जातात, प्रचाराचे फोटो वेगळ्या क्षणी काढले जातात, पण या तिन्ही गोष्टी एकत्र जुळणं म्हणजे तोच शॉट. हा सिनेमा रुंद पडद्याचा आहे, म्हणून मूळ फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना तुमच्या जिफपेक्षा जास्त रान दिसेल. त्यानं गोंधळू नका, मीमसाठी बाजू कापल्या आहेत. उलट, मूळ म्हणून मिळालेल्या फ्रेममध्ये मीमपेक्षा कमी दिसत असेल तर तुमच्या हातात दुसरी कापलेली प्रतच आहे असं समजा.

वेळ सांगताना कुठल्या प्रतीवरची ते लिहायला विसरू नका. युरोपातल्या जुन्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम चालवत, त्यामुळं दोन तासांचा सिनेमा जवळपास पाच मिनिटं लवकर संपतो. तासाभरानंतरची जागा तुमच्या आणि दुसऱ्याच्या प्रतीत सव्वादोन मिनिटांहून जास्त वेगळी येऊ शकते. 'तू सांगितलेल्या जागी काहीच नाही' असली भांडणं बहुतेक यातूनच होतात.

सबटायटल कुठं कामी येतं आणि कुठं नाही

सबटायटलची फाईल म्हणजे साधा मजकूर असतो. वेळ, खाली संवाद, पुन्हा वेळ, पुन्हा संवाद. नोटपॅडमध्येही उघडते. संवाद माहीत असेल तर तिच्यात शब्द शोधून थेट मिनिट काढता येतं. पण प्रतिक्रियेच्या मीममध्ये माणूस बहुधा गप्प असतो. भाव दिसायला शांतता लागते. म्हणून मी संवाद नाही, संवादांमधल्या फटी शोधतो. बडबडीच्या विनोदी सिनेमात एक संवाद संपून दुसरा सुरू व्हायला सहा-आठ सेकंद लागले तर त्या फटीत कुणीतरी कुणाकडं तरी बघतोय हे जवळपास नक्की. दोन तासांच्या अशा सिनेमात तपासायच्या जागा मोजक्याच उरतात. जेरेमाया जॉन्सनमध्ये मात्र ही युक्ती लंगडी पडते. एकट्या माणसाचा सिनेमा, संवाद फार कमी, फटीच फटी. म्हणून तुमच्या जिफसाठी मी तक्त्यांवर गेलो.

मीमवर संवाद लिहिलेला असेल तेव्हा पहिला प्रश्न हा की तो सिनेमातलाच आहे, की नंतर कुणी लिहिलाय. सबटायटल फ्रेममध्येच असेल तर ते चित्राबरोबर घासलं जातं, अक्षरांच्या कडा पण चित्राएवढ्याच पुसट होतात. चित्र पुसट आणि अक्षरं लख्ख असतील तर मजकूर नंतरचा आहे, त्यावरून सिनेमा शोधायला जाऊ नका.

संवाद खरा असला तरी लोकांच्या तोंडी तो बदलतो, आणि आपल्या सिनेमांची सबटायटलं बहुधा इंग्रजीत असतात. तिथं विनोदाचे शब्द टिकत नाहीत, आकडे आणि नावं टिकतात. 'अशी ही बनवाबनवी' या १९८८ च्या सिनेमातलं 'सत्तर रुपये वारले' घ्या. 'वारले' या शब्दात सगळी गंमत आहे, पण भाषांतर करणाऱ्यानं तिथं काय घातलं असेल ते आपण ओळखू शकत नाही. 'सत्तर' मात्र सत्तरच राहणार. मी माझ्याजवळच्या फाईलींमध्ये असं शोधतो:

```
grep -rniE "70|seventy" subs/
```

अंक आणि अक्षर दोन्ही घालायचं, कारण प्रत्येकाची लिहायची पद्धत वेगळी. आणि लांब वाक्य घालू नका. एका शब्दाचा फरक पडला तरी हाती काही लागत नाही.

याच कामात मी एकदा सपशेल चुकलो होतो. एका पोर्टलसाठी बाबूरावाची एक फ्रेम ओळखायची होती. चष्मा बघितला, नट बघितला आणि 'हेरा फेरी' म्हणून कळवून टाकलं. फ्रेम निघाली 'फिर हेरा फेरी'ची. पहिला सिनेमा २००० चा, खंडणीच्या फोनचा. दुसरा २००६ चा, पैसे दुप्पट करून देणाऱ्या फसव्या योजनेचा. आधीच्या-नंतरच्या दोन-तीन वाक्यांत 'दुप्पट' आलं होतं, ते मी ऐकलंच नव्हतं. छापलेली चूक दुरुस्त करायला दोन दिवस गेले. तेव्हापासून एकाच मालिकेचे भाग असले की चेहऱ्यावरून मी काहीच ठरवत नाही, शेजारचे संवाद वाचूनच ठरवतो.

आपल्या भागातली एक खास अडचण

उदगीर, देगलूर, नांदेडकडच्या ग्रुपांवर तेलुगू सिनेमांच्या हिंदी डबिंगमधले मीम खूप असतात. तिथं नावाचाच घोळ आहे. डबिंग करताना सिनेमाला वेगळंच नाव देतात. नागार्जुन यांचा २००४ चा तेलुगू सिनेमा 'मास' आपल्याकडं टीव्हीवर 'मेरी जंग: वन मॅन आर्मी' म्हणून बघितला गेला. दोन जण दोन नावं सांगतात आणि दोघंही बरोबर असतात. ओठ आणि संवाद जुळत नसतील तर आधी डबिंग धरा, नट ओळखा, त्याच्या सिनेमांच्या यादीतून मूळ नावाकडं जा. संवादावरून शोधू नका, कारण हिंदी संवाद नव्यानं लिहिलेले असतात आणि मूळ सिनेमाच्या सबटायटलमध्ये ते सापडत नाहीत. त्यातही मूळ सिनेमाचे दुसऱ्या भाषांत रिमेक असतील तर तेच दृश्य, तीच मांडणी, नट वेगळे अशी गत होते. २००० चा 'हेरा फेरी' स्वतःच १९८९ च्या 'रामजी राव स्पीकिंग' या मल्याळम सिनेमावरून घेतलेला आहे.

जुने मराठी सिनेमे, गावातल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ, रोजच्या मालिका यांच्या बाबतीत ही रीत बऱ्याचदा अर्ध्यावर थांबते. सबटायटल नसतं, चांगली प्रत नसते, मालिकेचे शेकडो भाग असतात. तिथं मी नट ओळखून, त्याची केसांची ठेवण आणि सेटवरून साधारण महिने ठरवतो आणि तेवढ्याच भागांचे तक्ते काढतो. तरी नाही सापडलं तर 'मालिका अमुक, भाग माहीत नाही' एवढंच लिहून देतो.

तुमच्या जिफचं आता एवढंच करा. क्लिपची पहिली फ्रेम वेगळी काढा, सिनेमा मिळाला की तक्त्यांवरून जागा काढा, आणि बट, खोड, सावली जुळली की सिनेमाचं नाव, साल, प्रतीची एकूण लांबी आणि तास-मिनिट-सेकंद अशी एक ओळ दोन्ही फ्रेमसकट ग्रुपवर टाका. जुळणी अडली तर दोन्ही फ्रेम न कापता इथं चिकटवा आणि तुमच्या फाईलची लांबी किती ते लिहा, मी माझ्या तक्त्यांवर ताडून सांगतो.